कागद पुढे कुठे जातो?

इंटर्नशिप सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की बहुतेक मुलामुलींच्या ओठांवर एकच वाक्य येऊन थांबलेलं असतं: "मॅडम, मला जरा चांगलं काम द्या ना." सकाळी आल्याआल्या झेरॉक्स, मग एंट्री, मधेच या मजल्यावरची फाइल त्या मजल्यावर नेऊन सही आणायची, परत एंट्री. दिवस भरून जातो, पण आज काय शिकलीस असं घरी कुणी विचारलं तर सांगण्यासारखं काही नसतं. मी स्वतः असे दिवस काढले आहेत, आणि आता गेली काही वर्षं इंटर्न माझ्या हाताखाली येतात. त्यामुळे हे वाक्य टेबलाच्या अलीकडून आणि पलीकडून कसं ऐकू येतं हे मला ठाऊक आहे.

आधी वरिष्ठांच्या बाजूचं सांगते. कुणी "चांगलं काम द्या" म्हटलं की माझ्या डोक्यात लगेच हिशेब सुरू होतो. माझ्याकडचं चांगलं काम नेहमी अर्धं झालेलं असतं आणि त्याला तारीख लागलेली असते. त्यातला एक तुकडा काढून द्यायचा तर आधी तो तुकडा शोधायला हवा. मग तो समजावायला हवा, सिस्टिममध्ये लागेल ती परवानगी मागायला हवी, आणि झाल्यावर तपासायला हवा. जे मी पाऊण तासात उरकते ते करून घ्यायला माझे दोन तास जाणार, आणि शिकवून तयार केलेलं माणूस दोन महिन्यांत निघून जाणार. एवढं सगळं मनात येतं आणि तोंडातून बाहेर पडतं, "बघू." त्यात आकस नसतो. इंटर्नला काम द्यायचं म्हणजे मला एक नवं काम लागणार असतं, आणि माझा दिवस तर आधीच भरलेला असतो. झेरॉक्स समजावावी लागत नाही. चुकली तर परत काढता येते. ती इंटर्नच्या वाट्याला येते त्याचं कारण बरेचदा इतकंच असतं.

अशा वेळी मोठी माणसं "कुठलंही काम हलकं नसतं" असं सांगून मोकळी होतात. ते वाक्य खरं आहे, पण ते ज्या वेळी ऐकवलं जातं ती वेळ मला पटत नाही. शिकायला आलेल्या मुलीने शिकायला मागितलं तर तिला कष्टाचं मोल ऐकवून गप्प करणं, हे मला अन्यायाचं वाटतं. काम हलकं की भारी हा तिचा प्रश्नच नसतो. या कामातून पुढचं काही दिसतंय का, एवढंच तिला विचारायचं असतं.

हा फरक मला नीट उमगला तो जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर या दोन अभ्यासकांचं लेखन वाचताना. उमेदवारी करताना माणसं नेमकी कशी शिकतात, यावर त्यांनी 1991 मध्ये मांडणी केली. त्यात लायबेरियातल्या शिंप्यांचा दाखला आहे. तिथे नव्या मुलाच्या हातात कापड आणि कात्री दिली जात नाही. तो आधी जवळपास शिवून झालेल्या कपड्याला बटणं लावतो, खालची पट्टी दुमडून टाचतो, इस्त्री करतो. मग शिवणं येतं, आणि बेतणं सगळ्यात शेवटी. म्हणजे कपडा ज्या क्रमाने तयार होतो त्याच्या उलट्या क्रमाने तो शिकतो. बटण लावण्याचं काम किरकोळच आहे, पण ते करताना पुरा कपडा त्याच्या मांडीवर असतो, आणि तुकडे एकमेकांना कसे जोडलेत हे त्याला दिसत असतं. त्याच लेखनात दुसरा दाखला अमेरिकेतल्या सुपरमार्केटमधल्या मांस कापणाऱ्या उमेदवारांचा आहे. त्यांना पॅकिंगच्या मशीनपाशी उभं केलेलं असे, आणि ती जागा अशी होती की मुरलेले कारागीर मांस कापताना त्यांना दिसायचेच नाहीत. काम किरकोळ दोघांकडेही होतं. शिंप्याकडे शिकणारा मुलगा पुढे सरकत होता आणि पॅकिंगवाला जागच्या जागी होता.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की इंटर्नने "चांगलं काम" मागू नये. आपल्या हातून जो कागद रोज जातो, तो पुढे कुठे जातो ते विचारावं, आणि त्या पुढच्या पायरीवरचा एक छोटा तुकडा मागावा. हे बोलायला सोपं आहे. प्रत्यक्षात ते कसं जमलं ते माझ्याच इंटर्नशिपच्या आधाराने सांगते.

ते ऑफिस मशीनच्या दुरुस्तीच्या तक्रारी हाताळायचं. ग्राहकाची तक्रार आली की तंत्रज्ञ जाऊन यायचा, आणि एक छापील फॉर्म भरून द्यायचा: तक्रारीची तारीख, मशीनचा सिरीयल नंबर, तक्रारीचा प्रकार, भेटीची तारीख, काय केलं त्याचा शेरा, ग्राहकाची सही. हे फॉर्म एक्सेलच्या शीटमध्ये भरायचे आणि त्यांच्या झेरॉक्स काढून फाइलला लावायच्या, हे माझं काम. दर महिन्याला त्या शीटवरून अहवाल निघायचा. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे तक्रार सरासरी किती दिवसांत बंद झाली.

एंट्री करताना एक गोष्ट होते, जी बाहेरून कुणाला कळत नाही. दिवसभर तेच रकाने भरून बोटांना नंबर लक्षात राहायला लागतात. अक्षरं आणि आकडे मिसळलेला एक सिरीयल नंबर टाइप करताना मला वाटलं, हा मी आधी टाकलाय. शोधला तर खरंच तीन आठवड्यांपूर्वी तोच नंबर होता. जुना फॉर्म काढून पाहिला. शेरा होता, "आवाज येत होता, पट्टा घट्ट केला." आणि समोरच्या नव्या फॉर्मवर वेगळ्या अक्षरात निळ्या शाईने लिहिलेलं होतं, "पूर्वीप्रमाणेच आवाज. पट्टा बदलला." शीटमध्ये मात्र या दोन स्वतंत्र तक्रारी होत्या, दोन्ही दोन-दोन दिवसांत बंद झालेल्या. एकच मशीन त्याच दुखण्यासाठी पुन्हा आलं होतं, आणि अहवालात ते दोनदा चटकन केलेलं काम म्हणून मोजलं जाणार होतं. पहिली दुरुस्ती जितकी कच्ची, तितका अहवालातला आकडा छान दिसणार, अशी ती रचना होती.

हे माझ्या वरिष्ठांना दिसलं नव्हतं याचं मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. त्या दर महिन्याला अहवालाचा शेवटचा आकडा पाहायच्या, फॉर्म नव्हे. फॉर्म मी पाहायचे. एंट्री करणाऱ्याकडे असलेली ही एकमेव पण खरी जमेची बाजू आहे. अहवाल ज्या कच्च्या मालावरून बनतो, तो त्याच्याइतका जवळून ऑफिसात क्वचितच कुणी पाहतं. कुठला रकाना कायम रिकामा राहतो, "इतर" या प्रकारात कशाकशाला कोंबलं जातं, कुणाच्या फॉर्ममध्ये तारीख नेहमी नंतर घातलेली दिसते, हे त्यालाच माहीत असतं. फाइली घेऊन हेलपाटे घालणाऱ्यालाही अशीच एक गोष्ट कळते: कागद कुठल्या टेबलावर सगळ्यात जास्त वेळ पडून राहतो.

तरी मी लगेच सांगायला धावले नाही. एका मशीनवरून काही सिद्ध होत नाही. पुढचा आठवडाभर एंट्री करता करता असे परत आलेले नंबर मी एका कागदावर टिपत गेले, आणि अर्धा डझन जोड्या जमल्यावर थांबले. दरम्यान शेजारच्या टेबलावर वर्षानुवर्षं हेच काम करणाऱ्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "अगं, हे असं होतंच. पण पूर्वीच्या तक्रारीचा नंबर लिहायला फॉर्मवर जागाच नाही ना." त्यांच्या त्या एका वाक्याने मला कारणही कळलं आणि उपायाचं टोकही सापडलं.

या काकांमुळे आणखी एक गोष्ट पक्की झाली, ती म्हणजे मागताना शब्द कोणते वापरायचे. आपण ज्याला "फालतू काम" म्हणतो ते शेजारचं माणूस पोटासाठी आणि मन लावून करत असतं, आणि ऑफिसात भिंती पातळ असतात. "नुसती एंट्री करून कंटाळा आला" असं कुणी माझ्यासमोर म्हणतं, तेव्हा मला आता काकांचा चेहरा आठवतो. कंटाळा आला असेल तर तो खरा आहे, पण कंटाळा हे मागणीचं कारण म्हणून पुढे करू नये. त्याने समोरच्याला काही करता येत नाही.

मग मी वरिष्ठांना निरोप पाठवला. आज कुणी विचारलं तर मी त्याच धर्तीवर लिहायला सांगते:

"मॅडम, उद्या किंवा परवा तुमची पंधरा मिनिटं मिळतील का? तक्रारींची एंट्री करताना एक गोष्ट दिसली आहे, ती फॉर्म घेऊन दाखवायची आहे. शिवाय उरलेल्या आठवड्यांत थोडं वेगळं काम करता येईल का, तेही विचारायचं आहे."

यातलं शेवटचं वाक्य गाळावं असं पुष्कळांना वाटतं. आधी शोध दाखवू, खूश झाल्या की मग हळूच विचारू, असा बेत असतो. मला ते बरोबर वाटत नाही. आपण काय मागणार आहोत हे आधी कळलं तर समोरचं माणूस त्याचा विचार करून येतं. ऐनवेळी विचारलं की पुन्हा तेच उत्तर मिळतं, बघू. आणि वेळही पाहून निवडावी. महिनाअखेरीला, अहवाल जायच्या दिवशी, असा निरोप पाठवूच नये. आठ आठवड्यांच्या इंटर्नशिपमध्ये तिसरा आठवडा मला योग्य वाटतो. तोवर आपली एंट्री बिनचूक असते हे त्यांनी पाहिलेलं असतं, आणि हाती घेतलेलं काम पुरं करायला पाच आठवडे उरलेले असतात. सहाव्या आठवड्यात विचारलं तर कितीही भलं माणूस असलं तरी म्हणणार, आता राहिलेच किती दिवस!

भेटीत मी आधी फॉर्मच्या जोड्या टेबलावर मांडल्या. बोलणं फारसं करावं लागलं नाही. मॅडमनी दोन जोड्या वाचल्या आणि म्हणाल्या, "अशी मशीन परत येतात हे मला माहीत आहे." या उत्तराने पुष्कळ जण गळून पडतील. आपला शोध त्यांना आधीच ठाऊक होता! पण माहीत असणं आणि मोजलेलं असणं यात अंतर असतं. मी विचारलं, "महिन्याला किती येतात, याचा आकडा आहे का?" तो नव्हता. तेव्हा मी माझी मागणी सांगितली: गेल्या तीन महिन्यांच्या शीटमधून परत आलेली मशीन मी शोधते, शेरे वाचून तेच दुखणं होतं की वेगळं ते ठरवते, आणि एका पानात लिहून देते. त्यासाठी आठवड्यातल्या दोन दुपारी, प्रत्येकी दोन तास. रोजची एंट्री त्या दिवशीही पूर्ण होईल, आणि मागे पडायला लागली तर हे काम मी थांबवेन.

या मागणीतलं प्रत्येक कलम वरिष्ठांच्या मनातल्या एकेका अडचणीला उत्तर देणारं होतं. काम शोधायचं नव्हतं, ते मी घेऊन आले होते. नवी परवानगी लागत नव्हती, शीट माझ्याकडे होतीच. कुणाची तारीख त्यावर अडलेली नव्हती. मूळ शीटला हात लावायचा नव्हता, तिची प्रत काढून त्यावर काम करायचं होतं, त्यामुळे माझ्या हातून काही बिघडलं असतं तरी नुकसान शून्य. तपासायचं होतं एकच पान. मॅडमनी दोन अटी घातल्या: यादी ऑफिसच्या कॉम्प्युटरबाहेर जायची नाही, आणि पानावर तंत्रज्ञांची नावं येता कामा नयेत. पहिली अट तर मीच म्हणायला हवी होती अशी स्वाभाविक आहे. ग्राहकांची माहिती पेनड्राइव्हवर घालून घरी नेणं, ती स्वतःच्या मेलवर पाठवणं, हे कितीही शिकण्याच्या हौसेने केलं तरी चालत नाही. दुसरीचं शहाणपण मला नंतर कळलं. नावं आली असती तर तो अहवाल राहिला नसता, चहाडी झाली असती.

त्याच भेटीत मी आणखी एक गोष्ट मागितली: दर आठवड्याला तक्रारींवर जी मीटिंग व्हायची तिच्यात बसू द्या, टिपणं मी घेईन. मीटिंगची टिपणं काढणं कुणालाच आवडत नाही, त्यामुळे लगेच हो मिळालं. माझ्या मते संपूर्ण इंटर्नशिपमध्ये मला मिळालेली सगळ्यात मोलाची जागा ती खुर्ची होती. मी ज्या फॉर्मची झेरॉक्स काढत होते त्यावरून तिथे माणसं वाद घालत होती. कुठला सुटा भाग जास्त मागवायचा, कुठल्या ग्राहकाला आधी फोन करायचा, हे माझ्या रकान्यांवरून ठरत होतं. पॅकिंगच्या मशीनपाशी उभ्या राहिलेल्या उमेदवाराला जे दिसत नव्हतं, ते मला दिसायला लागलं.

आता कामाबद्दल. पहिलीच अडचण अशी आली की एकच सिरीयल नंबर शीटमध्ये तीन-चार तऱ्हांनी लिहिलेला होता. कुठे मधे आडवी रेघ, कुठे मोकळी जागा, कुठे शून्याच्या जागी ओ हे इंग्रजी अक्षर. रेघा आणि मोकळ्या जागा काढून टाकलेला नंबर मी वेगळ्या रकान्यात घेतला. ओ आणि शून्याचा गोंधळ मात्र डोळ्यांनीच निस्तरावा लागला, आणि तिथे मी स्वतः केलेल्या एंट्रीची ओळख कामी आली. मग हे सूत्र लिहिलं. यात H मध्ये साफ केलेला नंबर आणि B मध्ये तक्रारीची तारीख आहे:

```
=COUNTIFS(H:H,H2,B:B,"<"&B2,B:B,">="&B2-30)
```

या ओळीतल्या मशीनची याआधीच्या तीस दिवसांत किती वेळा तक्रार आली होती, ते हे सूत्र सांगतं. उत्तर शून्यापेक्षा जास्त आलं की ते मशीन परत आलेलं. तारखा मात्र खऱ्या तारखा हव्यात. काही ओळींत त्या नुसता मजकूर म्हणून साठलेल्या असतात. अशा ओळी सूत्र मोजतच नाही, आणि त्याच मशीनच्या पुढच्या ओळीत गपचूप चुकीचं शून्य येऊ शकतं. रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या की समजावं, डावीकडच्या बहुधा मजकूर आहेत.

आणखी एक गोष्ट इथे सहज निसटते. तीन महिन्यांच्या शीटमध्ये पहिल्या महिन्याच्या आधीच्या नोंदीच नसतात. त्यामुळे त्या महिन्यात परत आलेली मशीनही नवी वाटतात, आणि वाचणाऱ्याचा समज होतो की दर महिन्याला हा प्रकार वाढतोय. म्हणून मी पहिला महिना फक्त मागचं पाहण्यासाठी ठेवला आणि मोजले पुढचे दोनच. त्या दोन महिन्यांत साधारण सातशे तक्रारी होत्या, त्यातल्या 96 सूत्राने पकडल्या. मग त्या 96 चे फॉर्म काढून शेरे वाचले. 61 मध्ये तेच दुखणं होतं, 22 मध्ये वेगळंच काही बिघडलं होतं, आणि 13 मध्ये शेरा इतकाच, "ठीक केले." त्यावरून काहीच ठरवता येईना. या तेरांना मी कुठल्याही बाजूला ढकललं नाही. ते "सांगता येत नाही" म्हणून पानावर वेगळे दाखवले.

एका पानात मांडायचं म्हणून मी चार गोष्टी लिहिल्या: काय मोजलं, कसं मोजलं, किती निघालं, आणि यावरून काय सांगता येत नाही. मशीन परत का येतात हे मला सांगता येत नव्हतं. सुटा भाग खराब होता, तंत्रज्ञाला वेळ कमी पडला, की ग्राहक ते वापरतच चुकीचं होता, यातलं काहीही असू शकत होतं, आणि ते फॉर्मवरून कळणं शक्य नव्हतं. शेवटी एक सूचना केली, ती काकांच्या वाक्यातून आलेली होती आणि त्यांच्या संमतीने त्यांचं नाव घालूनच लिहिली: फॉर्मवर "याआधीचा तक्रार क्रमांक" असा एक रकाना असावा.

मॅडमनी ते पान दोनदा परत केलं. पहिल्यांदा, कारण मी "तब्बल 96" असं लिहिलं होतं आणि त्यांना "तब्बल" नको होतं. दुसऱ्यांदा, कारण "तेच दुखणं" कशाला म्हटलं याची व्याख्या नव्हती. या दोन दुरुस्त्यांतून मी जेवढं शिकले तेवढं एंट्रीच्या कितीही फॉर्ममधून शिकले नसते. काम मागताना आपण खरं म्हणजे हेच मागत असतो: कुणीतरी आपलं काम वाचावं आणि कुठे सैल आहे ते दाखवावं.

म्हणूनच इंटर्नला मिळणाऱ्या एका जातीच्या कामापासून मी सावध करते. ते वरवर भारदस्त असतं: "आपल्या क्षेत्रातल्या सगळ्या कंपन्यांचा अभ्यास कर", "एक सविस्तर रिपोर्ट तयार कर." मुलं खूश होतात, पंधरा-वीस पानं लिहितात, आणि ती कुणी उघडतही नाही. असं काम ओळखायची खूण सोपी आहे. त्याला तारीख नसते, ते कोण वाचणार ते ठरलेलं नसतं, आणि मधे कुणी "कुठवर आलं?" विचारत नाही. काम हातात घेतानाच "हे कोण वाचणार आहे, आणि त्यांना ते केव्हा हवंय?" असं विचारावं. उत्तर मिळालं नाही तर त्या मोठ्या रिपोर्टऐवजी कुणाला तरी येत्या शुक्रवारी लागणारं छोटं कोष्टक मागावं. वाचणारा असलेलं अर्धं पान मला न वाचल्या जाणाऱ्या वीस पानांपेक्षा केव्हाही मोठं वाटतं.

आणि नकार? तो येतोच, पण सगळे नकार एका मापाचे नसतात. "बघू" म्हटलं तर तारीख विचारावी: "सोमवारी परत विचारू का?" सोमवारी पुन्हा "बघू" आलं तर मागणी लहान करावी. काम नको, फक्त मीटिंगमध्ये बसू द्या, किंवा पुढच्या टेबलावरचं काम कसं चालतं ते अर्धा तास पाहू द्या. पाहू देण्याला वरिष्ठांचा काही खर्च लागत नाही, त्यामुळे ते सहसा मिळतं. "सध्या शक्य नाही, कारण अमुक" असं कारणासकट उत्तर आलं तर ते चांगलं लक्षण मानावं, कारण त्या कारणावर काम करता येतं. एंट्रीत चुका होतात असं कारण मिळालं तर ते ऐकायला कडू असलं तरी त्याच्याइतकं उपयोगी काही नाही. पुढच्या दोन आठवड्यांत चुका कमी करून पुन्हा विचारण्याचा तो रस्ता असतो.

काही ठिकाणी मात्र खरोखरच माणूस शिकवायला नको असतं, बिनपगारी किंवा कमी पगारी हात हवा असतो. तिथे निरोप, फॉर्मच्या जोड्या, नम्र भाषा, कशाचाच उपयोग होत नाही. ते कळण्याची खूण म्हणजे पाहू देण्यालाही नकार मिळतो, आणि इंटर्न बदलली तरी काम तेच राहतं. आधीच्या इंटर्नला एक फोन केला तरी हे कळतं. इंटर्नशिप कॉलेजमार्फत असेल आणि त्यात काय शिकवायचं हे कागदावर ठरलेलं असेल, तर तो कागद काढावा, प्रत्यक्षात काय काम केलं त्याची आठवडावार नोंद शेजारी ठेवावी, आणि दोन्ही घेऊन कॉलेजात जे कुणी हे पाहतात त्यांच्याकडे जावं. "मला त्रास होतोय" यापेक्षा "ठरलं हे होतं, झालं हे आहे" असं दाखवलं की कॉलेजला ऑफिसशी बोलायला जागा मिळते. पण त्याआधी थेट वरिष्ठांना एकदा तरी स्पष्ट विचारलेलं असावं. त्यांना वगळून वर गेलं की मूळ प्रश्न मागे पडतो आणि बोलणं निराळ्याच वाटेला लागतं. आणि कॉलेजही मधे नसेल, तर उरलेल्या आठवड्यांचा हिशेब करून दुसरी जागा शोधायला लागावं. शेवटपर्यंत टिकून राहिल्याचं प्रमाणपत्र मिळेल म्हणून थांबू नये, असं मला मनापासून वाटतं.

माझी एंट्री शेवटपर्यंत सुटली नाही. दोन दुपारी सोडल्या तर बाकीचा वेळ मी फॉर्मच भरत होते, आणि झेरॉक्सही काढत होते. ते पान मॅडमनी मीटिंगमध्ये ठेवलं. तंत्रज्ञांच्या प्रमुखांनी आकड्यावर शंका काढली, तेव्हा मी 61 फॉर्मचा गठ्ठा आणून दिला. त्यांनी त्यातले दहा-बारा उलटून पाहिले आणि पुढचं बोलणं मशीन परत का येतात यावर गेलं. तो प्रश्न त्यांच्यातल्याच एकाकडे सोपवला गेला, आणि ते योग्यच होतं. नव्या फॉर्मवर तो रकाना आला तेव्हा इंटर्नशिपचा माझा शेवटचा आठवडा चालू होता. पुढे येणाऱ्या इंटर्नसाठी मी एक टिपण लिहून ठेवलं: सिरीयल नंबर कसा लिहायचा, सूत्र कुठे आहे, दर महिन्याला हे मोजायला साधारण तीन तास लागतात, आणि "ठीक केले" एवढाच शेरा असेल तर फॉर्म परत कुणाकडे पाठवायचा.